फार्मसी कॉलेजची फी भरण्याआधी पीसीआयच्या यादीत नेमकं काय पाहायचं

प्रश्न: नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. मुलगी यंदा बारावी झाली, तिला बी. फार्म. करायचं आहे. देवास रोडकडच्या एका कॉलेजातून रोज फोन येतो की सीट्स संपत आल्यात, पंचवीस हजार भरून सीट पक्की करून टाका. त्यांच्या माहितीपत्रकावर पीसीआय, एआयसीटीई, यूजीसी, नॅक असं सगळं छापलेलं आहे. पैसे देण्याआधी ही मान्यता खरी आहे की नाही हे आम्ही कसं तपासावं?

उत्तर:

ताई, मी इंदूरमध्ये फार्मसी शिकवण्यात आयुष्याचा मोठा भाग घालवला आहे आणि कॉलेजच्या तपासणीची फाइल तयार करण्याचं कामही पुष्कळ केलं आहे. त्यामुळे मान्यतेचा कागद आतून कसा दिसतो आणि माहितीपत्रकावर येईपर्यंत त्याचं काय होतं, या दोन्ही गोष्टी जवळून पाहिल्या आहेत. त्यावरूनच सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे “कॉलेजला मान्यता आहे का?” असं विचारलंत तर जवळजवळ प्रत्येक कॉलेज “हो” म्हणेल, आणि बहुतेक वेळा ते खोटंही नसेल. अडचण अशी की फार्मसीत मान्यता सबंध कॉलेजला सरसकट मिळत नाही. ती एका ठरावीक अभ्यासक्रमाला, एका ठरावीक पत्त्यावर, ठरावीक शैक्षणिक वर्षापर्यंत आणि ठरावीक जागांसाठी मिळते. डी. फार्म.ला मान्यता असलेलं कॉलेज बी. फार्म.ची जाहिरात करताना “पीसीआय मान्यताप्राप्त” असं छापू शकतं. वाचणाऱ्याला वाटतं ते बी. फार्म.बद्दलच आहे.

म्हणून उलट्या टोकापासून सुरुवात करा. चार वर्षांनी तुमची मुलगी पदवी घेऊन भोपाळला मध्य प्रदेश राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणीसाठी अर्ज करेल. फार्मसी कायदा १९४८ सालचा आहे. त्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणी असलेल्या फार्मासिस्टलाच आहे. मेडिकल स्टोअर, रुग्णालयातली फार्मसी, सरकारी फार्मासिस्टची जागा, या सगळ्यांना ती नोंदणी लागते. पुढे एम. फार्म. करायचं म्हटलं तरी बी. फार्म. पीसीआयची मान्यता असलेल्या संस्थेतूनच झालेलं असावं लागतं. आणि नोंदणी करताना राज्य कौन्सिल माहितीपत्रक पाहत नाही. या संस्थेतला हा अभ्यासक्रम आणि ही परीक्षा त्या वर्षी पीसीआय या केंद्रीय कौन्सिलने मान्य केलेली होती का, एवढंच पाहते. तुम्हाला आज नेमकं तेच पाहायचं आहे.

आता माहितीपत्रकावरची चार नावं. यातलं तुमच्या कामाचं एकच आहे, पीसीआय, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया. एआयसीटीई ही तांत्रिक शिक्षणाची परिषद. पूर्वी फार्मसी कॉलेजं दोन्हीकडे धावत, आणि दोघांच्या नियमांत वाद होता. ५ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वाद निकाली काढला. फार्मसी शिक्षणाच्या बाबतीत फार्मसी कायदा आणि पीसीआयचे नियमच चालतील, असा तो निकाल आहे. त्यामुळे फार्मसीच्या जाहिरातीत “एआयसीटीई मान्यताप्राप्त” दिसलं तर त्याने घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. यूजीसीचा संबंध विद्यापीठाशी आणि पदवी देण्याच्या अधिकाराशी आहे. एखाद्या कॉलेजचं नाव यूजीसीच्या यादीत असलं तरी त्यातून तिथला फार्मसीचा अभ्यासक्रम मान्य ठरत नाही. नॅक तर गुणांकन करते, परवानगी देत नाही. ‘ए’ श्रेणीच्या संस्थेने उद्या नवा अभ्यासक्रम काढला तर त्यासाठी परवानगी वेगळी लागतेच.

तेव्हा संगणक उघडा आणि थेट `pci.gov.in` हा पत्ता स्वतः टाइप करा. कॉलेजने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक किंवा पीडीएफ वापरू नका, कारण यादीचा जुना किंवा फेरफार केलेला कागद पाठवणं फार सोपं आहे. संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. मेनूची मांडणी अधूनमधून बदलते, पण राज्य आणि अभ्यासक्रम यांनुसार यादी सापडते. राज्य मध्य प्रदेश आणि अभ्यासक्रम बी. फार्म. निवडा. डी. फार्म.ची यादी वेगळी असते आणि घाईत बरेच पालक तीच पाहून समाधान मानतात.

यादीत कॉलेजचं नाव दिसलं की लगेच थांबू नका. त्या ओळीतल्या चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: संस्थेचं पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, जागांची संख्या आणि मान्यता कोणत्या शैक्षणिक सत्रापर्यंत आहे ते सत्र. नावाच्या बाबतीत अक्षरशः शब्द न् शब्द जुळवा. आपल्याकडे एकाच ट्रस्टची ‘कॉलेज ऑफ फार्मसी’, ‘इन्स्टिट्यूट ऑफ फार्मसी’ आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ फार्मास्युटिकल सायन्सेस’ अशी तीन कॉलेजं असतात, आणि कधी तिन्ही एकाच फाटकाच्या आत. पीसीआयच्या लेखी त्या तीन स्वतंत्र संस्था आहेत. पत्त्याचंही तसंच. देवास रोडचं म्हणून सांगतात आणि यादीतला पत्ता देवास जिल्ह्यातल्या गावाचा निघतो. त्यात गैर काही नाही, पण वर्ग जिथे भरणार ती जागा आणि यादीतली जागा एकच हवी, कारण तपासणी त्या जागेची झालेली असते. प्रयोगशाळा, शिक्षक, प्राणीगृह, औषधी वनस्पतींची बाग, हे सगळं तपासणारे त्या पत्त्यावर जाऊन मोजतात.

जागांची संख्या पालक सहसा पाहत नाहीत. ६० जागा मंजूर असताना कॉलेजने ७५ जणांकडून पैसे घेतले तर वरच्या पंधरा जणांची अडचण पहिल्या दिवशी कळत नाही. वर्ग चालू होतात, गणवेश मिळतो, सगळं सुरळीत दिसतं. पुढे विद्यापीठाकडे नावनोंदणी करताना किंवा त्याहून उशिरा, राज्य कौन्सिलकडे, प्रश्न येतो. म्हणून “सीट्स संपत आल्यात” असं सांगणाऱ्याला विचारा की मंजूर जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती. यादीतला आकडा आधीच तुमच्या हातात असेल तर त्याचं उत्तर खरं की खोटं हे तिथल्या तिथे कळतं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी पालकांना कुणीच समजावून सांगत नाही, तिच्याकडे येतो. फार्मसी कायद्याच्या कलम १२ मध्ये मान्यतेच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी अभ्यासक्रमाची मान्यता, दुसरी परीक्षेची मान्यता. नवं कॉलेज सुरू होतं तेव्हा त्याला आधी अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी मिळते. पहिली तुकडी शेवटच्या वर्षापर्यंत पोहोचते तेव्हा परीक्षेच्या मान्यतेचा विचार होतो, आणि ती मिळाली की ही पदवी नोंदणीसाठी ग्राह्य ठरते. पीसीआयच्या कागदांत यासाठी वेगवेगळे शब्द येतात. एका ठिकाणी ‘कंडक्ट ऑफ कोर्स’ लिहिलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी ‘अंडर सेक्शन १२’. आम्ही कॉलेजवाले बोलताना नुसतं “बाराची मान्यता आली का?” असं विचारतो.

दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, दोन्ही कॉलेजं “पीसीआय मान्यताप्राप्त” म्हणवू शकतात, पण तुमच्या मुलीच्या दृष्टीने दोघांतली जोखीम सारखी नाही. बाराची मान्यता आलेल्या कॉलेजातून आधीच्या तुकड्या बाहेर पडून नोंदणीकृत झालेल्या असतात. फक्त अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी असलेल्या कॉलेजात तुमची मुलगी आज पैसे भरेल आणि परीक्षेच्या मान्यतेचा निर्णय ती शिकत असताना कधीतरी होईल. तोवर कॉलेजने शिक्षक टिकवले, प्रयोगशाळा नीट ठेवल्या तर सहसा तो होऊन जातो. पण ढिलाई केली तर लांबतो, आणि तोपर्यंत पदवी हातात असूनही नोंदणी अडकते. म्हणून नव्या कॉलेजात जाऊच नये असं मी म्हणणार नाही. आज नावाजलेलं प्रत्येक कॉलेज कधीतरी नवं होतं. पण नव्या कॉलेजात जाताना ही गोष्ट माहीत असून जावं, आणि जुनं, बाराची मान्यता असलेलं कॉलेज त्याच फीमध्ये मिळत असेल तर तिकडे जावं, असा माझा स्पष्ट सल्ला असतो.

पीसीआयची यादी झाली की दुसरी तपासणी विद्यापीठाची. मध्य प्रदेशातल्या बहुतेक खासगी फार्मसी कॉलेजांची संलग्नता भोपाळच्या राजीव गांधी प्रौद्योगिकी विश्वविद्यालयाशी असते, ज्याला आपण आरजीपीव्ही म्हणतो. पदवी तेच विद्यापीठ देणार, परीक्षा तेच घेणार. तेव्हा कॉलेजकडून या वर्षीच्या संलग्नतेचं पत्र मागा आणि विद्यापीठाच्या `rgpv.ac.in` या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून पाहा. इथेही कॉलेजचं नाव आणि अभ्यासक्रम दोन्ही जुळायला हवेत. तुमचं कॉलेज एखाद्या खासगी विद्यापीठाचा भाग असेल तर संलग्नतेचा प्रश्न येत नाही, कारण ते विद्यापीठ स्वतःच पदवी देतं. तिथे विद्यापीठ यूजीसीच्या राज्य खासगी विद्यापीठांच्या यादीत आहे का ते पाहायचं. पण एक लक्षात ठेवा: खासगी विद्यापीठ असलं तरी बी. फार्म.साठी पीसीआयची मान्यता लागतेच. “आमचं स्वतःचं विद्यापीठ आहे, आम्हाला पीसीआयची गरज नाही,” असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या.

तिसरी तपासणी मला फार उपयोगी वाटते आणि ती इंदूरमध्ये बसून करता येते. राज्याच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं प्रवेशाचं काउन्सेलिंग `dte.mponline.gov.in` इथे चालतं. त्यात भाग घेणाऱ्या संस्थांची यादी अभ्यासक्रम आणि जागांसकट येते. पीसीआय, विद्यापीठ आणि काउन्सेलिंग, या तीन याद्या तीन वेगळ्या कार्यालयांनी केलेल्या आहेत. तिन्हींत एकच नाव, एकच अभ्यासक्रम आणि एकच आकडा दिसला तर खात्री धरायला हरकत नाही. एकात काही वेगळं दिसलं तर प्रश्न तिथेच विचारायचा.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचं बरंच साम्य आहे. कॉलेजचं नाव देत नाही. ओळखीतल्या एका कुटुंबाला असाच फोन येत होता. माहितीपत्रकावर ‘कॉलेज ऑफ फार्मसी’, खाली डी. फार्म. ६० जागा आणि बी. फार्म. ६० जागा. आम्ही पीसीआयच्या बी. फार्म.च्या यादीत ते नाव शोधलं, सापडलं नाही. डी. फार्म.च्या यादीत मात्र होतं, कलम १२ खाली, ६० जागा. इतकं पाहून मुलीचे वडील म्हणाले, हे सरळ फसवणुकीचं काम आहे, सोडून द्या. मी म्हटलं थांबा, त्याच ट्रस्टच्या नावाने पुन्हा शोधू. तेव्हा बी. फार्म.च्या यादीत त्याच ट्रस्टचं ‘इन्स्टिट्यूट ऑफ फार्मसी’ निघालं. ६० जागा, फक्त अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी, आणि पत्ता शेजारच्या दुसऱ्या गावचा. काउन्सेलिंगच्या यादीतही दोन्ही संस्था वेगवेगळ्या होत्या, दोघांचे अभ्यासक्रम वेगळे.

म्हणजे बी. फार्म. होतं, पण ज्या संस्थेच्या नावाने पैसे मागत होते तिथे नव्हतं. आम्ही कॉलेजात जाऊन एवढंच विचारलं की पावती कोणत्या संस्थेच्या नावाने मिळेल आणि विद्यापीठात नावनोंदणी कोणत्या संस्थेतून होईल. समोरच्या बाईंनी आधी “दोन्ही एकच आहे” असं सांगितलं. आम्ही याद्यांचे छापील कागद पुढे ठेवल्यावर त्यांनी प्राचार्यांना बोलावलं, आणि प्राचार्यांनी नीट सांगितलं की बी. फार्म.चे प्रवेश दुसऱ्या संस्थेत आहेत, तिची पहिली तुकडी अजून बाहेर पडलेली नाही, वर्ग मात्र सध्या या इमारतीत भरतात. हे शेवटचं वाक्य मला खटकलं. ज्या इमारतीत वर्ग भरतात ती मान्यतेच्या कागदावर नव्हती. तपासणीच्या दिवशी विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत नेऊन बसवायचं, हा प्रकार या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि परीक्षेची मान्यता लांबण्याची कारणं अशाच गोष्टींत दडलेली असतात. त्या कुटुंबाने तिथे पैसे भरले नाहीत. काउन्सेलिंगमध्ये पर्याय भरून बाराची मान्यता असलेल्या एका जुन्या कॉलेजात जागा मिळवली. घरापासून लांब पडतं, पण मुलगी शांतपणे शिकते आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. यादीत नाव नाही म्हणजे कॉलेज बनावट, असा निष्कर्ष लगेच काढू नका. पीसीआयची मान्यता बऱ्याचदा मुदतीची असते आणि पुढच्या सत्राची पत्रं प्रवेशाच्या ऐन हंगामात निघतात. त्यामुळे यादीत गेल्या सत्रापर्यंतची नोंद आहे आणि या सत्राची अजून आलेली नाही, असं चांगल्या कॉलेजच्या बाबतीतही घडतं. अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्यात. मागची काही सत्रं सलग मान्यता होती का, आणि जागांची संख्या तीच राहिली का. सलग मान्यता असलेल्या, आकडा न बदललेल्या कॉलेजच्या पत्राची वाट पाहायला हरकत नाही, पण पैसे पत्र आल्यावरच. उलट, मध्येच एखादं सत्र गाळलेलं दिसलं किंवा जागा कमी केलेल्या दिसल्या, तर तपासणीत काहीतरी उणं सापडलेलं असण्याची शक्यता आहे. तेव्हा त्या वर्षीचं पीसीआयचं निर्णयाचं पत्र मागून वाचावं. त्यात अटी लिहिलेल्या असतात, शिक्षक कमी आहेत, अमुक उपकरण नाही, वगैरे. त्या अटी वाचल्या की कॉलेजची खरी तब्येत कळते.

आणि कॉलेजने यादीऐवजी दुसराच कागद दाखवला तर तो काय आहे हे ओळखा. पीसीआयकडे अर्ज केल्याची पोच म्हणजे मान्यता नव्हे. राज्य सरकारचं ना-हरकत पत्र किंवा विद्यापीठाची संमती म्हणजेही मान्यता नव्हे, त्या अर्जासोबत जोडायच्या गोष्टी आहेत. “कोर्टात केस चालू आहे, स्टे मिळाला आहे,” असं सांगितलं तर आदेशाची प्रत मागा आणि ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या. तो आदेश प्रवेश देऊ देतो, की फक्त कौन्सिलला पुन्हा विचार करायला सांगतो, यात फार अंतर आहे. नवी फार्मसी कॉलेजं काढण्यावर पीसीआयने काही काळ बंदी घातली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या प्रशासकीय ठरावाने अशी बंदी घालता येणार नाही. त्यानंतर पुष्कळ नवी कॉलेजं आली. देवास रोड, उज्जैन रोड, खंडवा रोडकडे तुम्हाला जे नवे फलक दिसतात, त्यांतली काही त्याच काळातली असू शकतात. म्हणून बाराची मान्यता आली का, हे विचारणं आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं आहे.

घरबसल्या तपासणीच्या पुढे जायचं असेल तर एक चक्कर आरएनटी मार्गावरच्या दवा बाजारात मारा. तिथे आणि आसपासच्या मेडिकलवर बसणारे पुष्कळ तरुण फार्मासिस्ट इथल्याच कॉलेजांतून शिकलेले आहेत. तुमच्या मनात असलेल्या कॉलेजातला कुणी भेटला तर त्याला दोनच गोष्टी विचारा: भोपाळला नोंदणी होताना काही अडचण आली का, आणि तुमच्या वेळी वर्ग व प्रॅक्टिकल कोणत्या इमारतीत होत. ज्या कॉलेजची एकही तुकडी नोंदणीकृत झालेली नाही तिथला माणूस तुम्हाला सापडणारच नाही, आणि तेही एक उत्तरच आहे.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो. मध्य प्रदेशात खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी प्रवेश आणि शुल्क नियामक समिती ठरवते, तिचं संकेतस्थळ `afrcmp.org` असं आहे. तुमच्या कॉलेजची ठरवलेली फी तिथे पाहा आणि सांगितलेल्या रकमेशी ताडून घ्या. मागाहून “विकास शुल्क” म्हणून वर काही मागितलं तर बोलायला आधार राहतो. “सीट बुकिंग” नावाची रक्कम शक्यतो देऊच नका. द्यायचीच वेळ आली तर संस्थेच्या नावाच्या बँक खात्यात द्या, भंवरकुआंच्या एखाद्या कन्सल्टन्सीच्या किंवा व्यक्तीच्या खात्यात अजिबात नाही, आणि पावतीवर संस्थेचं यादीतलं पूर्ण नाव, अभ्यासक्रम आणि सत्र लिहून घ्या. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे ठेवू नका. मूळ कागद पाहून, प्रती घेऊन परत द्यावेत अशी यूजीसीची सूचना आहे. पैसे बुडण्यापेक्षाही मूळ कागद अडकल्यामुळे मुलं नको त्या कॉलेजात राहिलेली मी जास्त पाहिली आहेत.

तुम्हाला उद्याच फोन येईल असं धरून चालतो. फोनवर वाद घालू नका. त्यांना म्हणा, मला लेखी हवं आहे, आणि हा मजकूर ई-मेलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा:

“आमच्या मुलीच्या बी. फार्म. प्रवेशासाठी कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. प्रवेश ज्या संस्थेत होईल तिचं पीसीआयच्या यादीतलं पूर्ण नाव आणि पत्ता. या सत्रासाठी मंजूर जागा आणि त्याच्या पीसीआय पत्राची प्रत. बी. फार्म.ला कलम १२ खाली परीक्षेची मान्यता आली आहे की फक्त अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी आहे. या वर्षीचं विद्यापीठाच्या संलग्नतेचं पत्र. वर्ग आणि प्रॅक्टिकल कोणत्या पत्त्यावर होतील. ही माहिती मिळाल्यावर आम्ही फी भरू.”

जे कॉलेज नीट चाललेलं आहे त्याच्या कार्यालयात ही सगळी कागदपत्रं एकाच फाइलमध्ये तयार असतात, कारण प्रत्येक तपासणीला तीच लागतात. त्यांना ती स्कॅन करून पाठवायला फारसा वेळ लागत नाही. “आधी बुकिंग करा, मग दाखवतो” असं उत्तर आलं तर मुलीचं नाव काउन्सेलिंगमध्ये नोंदवून तिथल्या पर्यायांवर लक्ष द्या. उत्तर आलं आणि त्यातली एखादी गोष्ट समजली नाही, तर संस्थेचं नाव न लिहिता फक्त पत्रातला तो मजकूर इथे टाका, मी वाचून सांगेन.